याला हमीभाव नाही

“खात्यातून दोन हजार कटले. मग हितं एकोणीसशे नव्याण्णव रुपये नव्वद पैसेच का लिव्हलंय? दहा पैसे कुठं गेले?”

अण्णांचा फोन. ऑक्टोबर २०२४, कापसाच्या पहिल्या वेचणीचे दिवस. ते गेवराई तालुक्यातल्या आमच्या गावी बांधावर उभे, मी पुण्यात. त्यांची आयुष्यातली पहिली एसआयपी दहा तारखेला बँकेतून गेली होती आणि त्यांच्या मोबाइलवर इंग्रजीत मेसेज आला होता. त्यातले शब्द त्यांना कळले नाहीत, आकडे कळले. कापूस, तूर, सोयाबीन विकताना चाळीस वर्षं ज्याने काटा आणि पट्टी पाहिली, त्या माणसाची नजर आधी कटलेल्या पैशावर जाते. ती तिथेच जायला हवी.

दहा पैसे स्टॅम्पला गेले. १ जुलै २०२० पासून म्युच्युअल फंडाच्या प्रत्येक खरेदीवर ०.००५ टक्के मुद्रांक शुल्क लागतं. लाखाला पाच रुपये, दोन हजारांना दहा पैसे. “खरेदीखताला लागतो तसा स्टॅम्प का?” त्यांनी विचारलं. हो, तसाच. एका वाक्यात विषय मिटला, कारण ‘स्टॅम्प’ हा शब्द त्यांचा होता.

पुढच्या ओळीला मात्र मी चुकलो. मेसेजमध्ये एवढंच होतं: फोलिओ नंबर अमुक, योजनेचं नाव, एसआयपीची खरेदी रुपये १,९९९.९०, एनएव्ही ५६.०२, युनिट ३५.७००, तारीख १० ऑक्टोबर. मी परीक्षेला बसल्यासारखं भाषांतर केलं. ‘पद्धतशीर गुंतवणूक योजनेअंतर्गत आपल्या खरेदीवर निव्वळ मालमत्ता मूल्य ५६.०२ या दराने प्रक्रिया करण्यात आली असून ३५.७०० एककांचे वाटप झाले आहे.’ व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं. संध्याकाळी त्यांचा फोन आला, “हे बी इंग्रजीच हाय की रं.”

त्यांचं बरोबर होतं. त्या वाक्यात प्रत्येक इंग्रजी शब्दाला मराठी शब्द होता आणि अर्थ एकही पोचत नव्हता. फंडांची मराठी माहितीपत्रकं आणि बँकांचे मराठी फॉर्म याच भाषेत असतात. ‘निव्वळ मालमत्ता मूल्य’ हा शब्द गेवराईच्या मोंढ्यात कुणी कधी उच्चारला नाही आणि उच्चारणारही नाही. ज्याचे पैसे गेले त्याला कळत नसेल, तर ते भाषांतर नापास. त्याला दुसरी कसोटी नाही.

मग मी त्यांना मागच्या वर्षीची कापसाची पट्टी काढायला लावली. ती त्यांच्या प्लॅस्टिकच्या पिशवीत होतीच, सात-बारा आणि पीकविम्याच्या पावत्यांबरोबर. पट्टीत काय असतं? माल कोणता, वजन किती, भाव काय, हमाली-तोलाई किती कटली, हातात किती आले. आता मोबाइल शेजारी धरा. योजनेचं नाव म्हणजे माल. युनिट म्हणजे वजन. एनएव्ही म्हणजे त्या दिवसाचा भाव. रक्कम म्हणजे रक्कम. फरक एकच, पण मोठा: जिनिंगवर तुम्ही विकणारे असता, इथे तुम्ही घेणारे आहात.

फोनवर थोडा वेळ कागदाचा आवाज आला. त्यांनी कॅल्क्युलेटर काढला होता. ५६.०२ गुणिले ३५.७००. “एकोणीसशे नव्याण्णव रुपये एक्याण्णव पैसे यायलेत. एक पैसा जास्ती.” एक पैसा जास्त येतो, कारण युनिट दशांशचिन्हापुढे तीन आकड्यांपर्यंत मोजून पूर्ण करतात. म्हणजे मापाडी ग्रॅमपर्यंत तोलतो, मिलिग्रॅम मोजत बसत नाही. हे त्यांना लगेच पटलं. ज्याने स्वतः गुणाकार करून पाहिला, त्याचा त्या मेसेजवर खरा विश्वास बसतो. माझ्या ‘काळजी करू नका, बरोबर आहे’ने तो बसला नसता.

भाव ठरतो कसा, हेही त्यांनी विचारलं. फंडाने लोकांच्या पैशातून जे शेअर घेतले, त्यांची दिवसअखेरची किंमत काढायची, त्यातून फंडाचा खर्च वजा करायचा आणि जी रक्कम उरेल तिला सगळ्यांच्या मिळून जेवढी युनिट असतील त्यांनी भागायचं. बाजार चालू असलेल्या प्रत्येक दिवशी हा हिशेब होतो. मोंढ्यासारखी बोली लागत नाही, घासाघीस नाही. एका दिवशी एका योजनेच्या एका प्रकारात सगळ्यांना एकच भाव.

‘युनिट’ शब्दाने आणखी एक घोळ केला. आई शेजारी बसून ऐकत होती. तिला युनिट माहीत आहे ते लाइटबिलातलं. तिथे युनिट वाढले की घरात कुणालातरी बोलणी बसतात. लाइटबिलातलं युनिट म्हणजे जळून गेलेलं, त्याचे पैसे देऊन मोकळं व्हायचं. फंडातलं युनिट म्हणजे घरात येऊन पडलेलं. एकच शब्द, दोन उलट अर्थ. मी तो बदलला नाही, कारण मेसेजमध्ये दर महिन्याला तोच येणार. फक्त सांगितलं, “आई, हे जळालेलं नाही, साठवलेलं आहे. घरातल्या कापसासारखं.”

कापसाची ही तुलना मला पुढे सगळीकडे उपयोगी पडली आणि दोन ठिकाणी तोडावीही लागली. त्या दोन जागा पुढे येतील.

नोव्हेंबरच्या मेसेजमध्ये तारीख बदलली. दहाच्या ऐवजी अकरा. अण्णांना वाटलं, हप्ता चुकला, आता दंड बसणार. १० नोव्हेंबर २०२४ ला रविवार होता, एवढंच कारण. बँक बंद, बाजार बंद, खरेदी सोमवारी. पण ही भीती ‘हप्ता’ या शब्दाने आणली होती आणि तो शब्द मी वापरला होता. आपल्याकडे हप्ता म्हणजे ट्रॅक्टरचा, पतसंस्थेच्या कर्जाचा, भिशीचा. तो चुकला की माणसाची मान खाली जाते. एसआयपी म्हणजे कुणाचं देणं नाही. महिना चुकला तर फंड दंड लावत नाही, मिळालेली युनिट काढून घेत नाही, त्या महिन्याची खरेदी होत नाही इतकंच. दंड लावते ती बँक. खात्यात पैसे नसताना वसुलीचा आदेश परत गेला, की बँक त्याचं शुल्क जीएसटीसह कापते, आणि दोन हजारांच्या मानाने ते डोळ्यांत येण्याइतकं असतं. महिन्याची एसआयपी लागोपाठ तीनदा परत गेली की ती बंद होते.

शेतकऱ्याच्या घरात ही गोष्ट नीट सांगणं फार गरजेचं आहे, कारण त्याला महिन्याला पगार नसतो. पैसा येतो कापूस-तुरीबरोबर आणि जातो खत-बियाण्याबरोबर. आम्ही उपाय साधा केला. कापूस विकला त्या दिवशी वर्षाचे चोवीस हजार एका वेगळ्या बचत खात्यात टाकले आणि त्या खात्याचं एटीएम कार्ड आईकडे दिलं. ‘हप्ता’ शब्द सोडला. आता आम्ही ‘महिन्याची खरेदी’ म्हणतो.

खरी परीक्षा मार्चमध्ये झाली.

ज्या महिन्यात व्यवहार होतो, त्याचं एकत्रित पत्रक पुढच्या महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात येतं. ईमेलवर पीडीएफ येते आणि पासवर्ड बहुधा स्वतःचा पॅन, कॅपिटल अक्षरांत. मेसेज म्हणजे पट्टी असेल, तर हे पत्रक म्हणजे तलाठ्याकडचा ८-अ. सात-बारा एका गटाचा असतो, ८-अ वर खातेदाराची त्या गावातली सगळी जमीन एकत्र दिसते. तसं या पत्रकात एका पॅनवरची सगळ्या फंडांतली युनिट एकत्र येतात. फेब्रुवारीअखेरचं पत्रक मी छापून गावी नेलं. त्यात पाच महिन्यांच्या खरेद्या अशा होत्या: ऑक्टोबरला ५६.०२ च्या भावाने ३५.७०० युनिट, नोव्हेंबरला ५४.१० ने ३६.९६७, डिसेंबरला ५५.२० ने ३६.२३०, जानेवारीला ५२.६० ने ३८.०२१, फेब्रुवारीला ५२.३५ ने ३८.२०२. एकूण १८५.१२०. आणि खाली, २८ फेब्रुवारीचा भाव ४९.५५, बाजारमूल्य ९,१७२ रुपये ७० पैसे.

अण्णांनी चष्मा पुसला आणि पुन्हा वाचलं. दहा हजार टाकले होते. आठशे सत्तावीस रुपये कमी.

ओसरीवर शेजारचे काका बसले होते. ते म्हणाले, “झालं. हे बी ज्ञानराधासारखंच.”

हे वाक्य बीड जिल्ह्यात आज कुणीही बोलेल आणि ते उडवून लावायची माझी तरी हिंमत नाही. ज्ञानराधा मल्टिस्टेट बीडचीच. २०२३ च्या अखेरीस तिच्या शाखांपुढे ठेवीदारांच्या रांगा लागल्या आणि ठेवी परत मिळेनाशा झाल्या. पुढे गुन्हे दाखल झाले, ईडीची कारवाई झाली. मुलीच्या लग्नाचे, निवृत्तीचे, जमीन विकून आलेले पैसे लोकांनी तिथे ठेवले होते. ज्यांचं गेलं त्यांना ‘म्युच्युअल फंड वेगळा असतो’ असं वरवर सांगणं म्हणजे जखमेवर भाषण देणं. वेगळा आहे तर कुठे आणि किती, हे दाखवावं लागतं.

मी काकांना विचारलं, “ठेवीच्या पावतीवर किती रक्कम लिहिलेली असते?” म्हणाले, “टाकलेली, वर व्याज.” “आणि शेवटच्या दिवशी पावतीवरचा आकडा कमी झाला होता का?” नाही. पावतीवरचा आकडा काउंटर बंद झालं त्या दिवशीही पूर्ण होता. आत काय उरलं आहे, हे पावती सांगत नाही. तिच्यावर फक्त संस्थेने दिलेला शब्द असतो. अण्णांच्या हातातलं पत्रक आठशे सत्तावीस रुपये कमी दाखवत होतं, कारण ते दिलेला शब्द दाखवत नाही, आज माल विकला तर काय येईल ते दाखवतं. ते शेअर फंड कंपनीच्या तिजोरीत नसतात, वेगळ्या अभिरक्षक संस्थेकडे युनिटधारकांच्या वतीने ठेवलेले असतात. कंपनी अडचणीत आली म्हणून ते तिचे होत नाहीत. हा झाला एक भाग.

दुसरा भागही तिथेच सांगायला हवा होता आणि मी सांगितला. बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विमा असतो. मल्टिस्टेटच्या ठेवीला तो नव्हता. म्युच्युअल फंडालाही नाही. भाव पडला तर भरपाई कुणी देत नाही.

म्हणून घरात एक नियम केला. फंडाबद्दल बोलताना ‘ठेव’ म्हणायचं नाही आणि ‘व्याज’ म्हणायचं नाही. आई सुरुवातीला विचारायची, “व्याज किती देतात?” आणि मी सोपं जावं म्हणून म्हणून गेलो होतो, “बारा टक्के धर.” ती माझी चूक होती. व्याज म्हणजे देणाऱ्याने आधी कबूल केलेला पैसा. इथे कुणी काही कबूल केलेलं नाही. मागच्या काही वर्षांचा परतावा टक्क्यांत छापलेला असतो, तो पाऊस पडून गेल्यावर मोजलेल्या मिलिमीटरसारखा. त्यावरून पुढच्या मृगाची हमी देता येत नाही. ‘बारा टक्के’ ऐकलेल्या माणसाला पाच महिन्यांनी उणे आकडा दिसला, तर तो फसवलं गेल्यासारखंच वागणार, आणि दोष त्याचा नसणार. ज्याने भाषांतर केलं त्याचा असणार.

मग त्या पत्रकाच्या तळाशी असलेली ओळ राहिली. टीव्हीवर जी श्वास न घेता म्हणतात ती. तिचं मराठी सगळ्यांना पाठ आहे: म्युच्युअल फंडातील गुंतवणूक बाजारातील जोखमीच्या अधीन आहे. अण्णांनाही पाठ होतं. मी विचारलं, म्हणजे काय? ते म्हणाले, “म्हंजी ते असंच असतंय, म्हणावं लागतंय.”

पाठ झालेली ओळ कळलेली असतेच असं नाही. ‘अधीन’ हा शब्द गावात कुणी वापरत नाही आणि ‘जोखीम’ ऐकली की विहिरीत उतरणं आठवतं. मी म्हणालो, “अण्णा, याचा अर्थ एवढाच, की याला हमीभाव नाही.”

ते एकदम गप्प झाले. मग म्हणाले, “हां. आता कळलं.”

त्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ७,५२१ रुपये होता. खुल्या बाजारात त्याच्या खाली भाव मिळाला की काय वाटतं, सीसीआयच्या केंद्रावर माल नेला की ओलावा दाखवून काय कापतात, हे सगळं त्यांनी सोसलेलं. तरी कागदावर का होईना, एक आकडा असतो, ज्याच्याकडे बोट दाखवता येतं. फंडाला तो आकडाच नाही. ५६ चा ४९ झाला, ४९ चा ४० होऊ शकतो, आणि कुठलंही केंद्र उघडून कुणी ५६ ने घेणार नाही. कापसाची तुलना इथे पहिल्यांदा तुटते आणि ती इथे तोडावीच लागते.

एवढं सांगून झाल्यावरच मी दुसरी बाजू दाखवली. आधी दाखवली असती तर ती विकणाऱ्याची बोली झाली असती. ऑक्टोबरात दोन हजारांत ३५.७०० युनिट आले होते, फेब्रुवारीत ३८.२०२. त्याच पैशात अडीच युनिट जास्त. आयुष्यभर माल विकणाऱ्या माणसाला भाव पडला की पोटात कळ येते आणि ते बरोबरच आहे. पण महिन्याच्या खरेदीत पडलेला भाव त्या महिन्याला स्वस्त माल देतो. घरात आधी साठलेल्याची किंमत उतरते, नव्याने येणारं वजन वाढतं. दोन्ही एकदम खरं आहे. मुलं घरी फोन करून यातलं एकच सांगतात. बाजार चढला की किंमत वाचून दाखवतात, पडला की ‘स्वस्तात मिळायलंय’ म्हणतात. आई-बापाला दोन्ही आकडे दर महिन्याला दिसले पाहिजेत.

अण्णांनी विचारलं, “मग कवा वर यील?” मला माहीत नव्हतं आणि तसंच सांगितलं. एक गोष्ट मात्र काढून देता येत होती. दहा हजार भागिले १८५.१२०, म्हणजे ५४ रुपये २ पैसे. सगळा माल सरासरी या भावाने पडला. भाव याच्या वर गेला की फायद्यात, खाली असला की तोट्यात. आमच्या मेसेजात हा आकडा कुठेच नव्हता आणि घरात सगळ्यात जास्त कामाचा तोच. त्यांनी भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर मार्चच्या पानावर ५४.०२ लिहून गोल केला. पुढची खरेदी झाली की तो बदलणार, तेव्हा नव्याने भागायचं. हे गणित ते आता स्वतः करतात.

तुलना दुसऱ्यांदा तुटते ती हमालीपाशी. पट्टीवर हमाली, तोलाई, जी काही कटती असेल ती वेगळ्या ओळीत दिसते, भांडायला जागा असते. फंडाचा वर्षाचा खर्च मेसेजमध्ये दिसत नाही, कारण तो रोज थोडा थोडा भावातूनच वजा होऊन येतो. ५६.०२ हा कटती झाल्यानंतरचा भाव आहे. योजनेच्या नावात ‘रेग्युलर’ असेल तर त्या खर्चात वितरकाचं कमिशनही असतं, आणि पत्रकावर वितरकाचा एआरएन नावाचा नंबर छापलेला असतो. ‘डायरेक्ट’ असेल तर ते कमिशन नसतं. अण्णांचं रेग्युलर आहे. आमच्या वितरकाने दोन वेळा घरी येऊन केवायसी करून दिलं, म्हणून मला त्यात गैर वाटत नाही. पण किती जातं हे त्यांना कळायला हवं. मार्च आणि सप्टेंबरअखेरच्या सहामाही पत्रकात वितरकाला दिलेलं कमिशन रुपयांत लिहिलेलं असतं. त्या ओळीबद्दल मी त्यांना आधीच सांगून ठेवलं आहे, म्हणजे त्या पत्रकात ती सुटणार नाही.

आता सगळ्यात घातक भाषांतर. पत्रकात फोलिओच्या खाली एक ओळ असते: नॉमिनी. फॉर्म भरताना कुणीतरी अण्णांना सांगितलं होतं, “इथं वारसाचं नाव सांगा.” त्यांनी माझं सांगितलं. ताईचं लग्न आष्टी तालुक्यात झालंय. ती त्या दिवशी माहेरी आलेली होती. पत्रकावर माझं एकट्याचं नाव पाहून ती काही बोलली नाही, पण तिचा चेहरा मी पाहिला.

नॉमिनी म्हणजे वारस नाही. ही चूक गावोगाव रोज होते. बँकेत, फंडात, ‘वारस नोंद’ म्हणूनच ती सांगितली जाते. नॉमिनी म्हणजे खातेदार गेल्यावर फंड ज्याच्या हवाली युनिट करतो तो. हवाली घेणारा. ते पुढे कुणाचे, हे मृत्युपत्र ठरवतं आणि मृत्युपत्र नसेल तर वारसा कायदा. या प्रश्नाचा निकाल सर्वोच्च न्यायालयात लागला तोही एका मराठी घरातून गेलेल्या खटल्यात. ‘कालनिर्णय’चे जयंत साळगावकर २०१३ मध्ये गेले. त्यांनी २०११ मध्ये मृत्युपत्र केलेलं होतं आणि त्यांच्या म्युच्युअल फंडातल्या गुंतवणुकीवर नॉमिनीही लावलेले होते. वाद असा, की ते पैसे नॉमिनींचे की वारसांचे. १४ डिसेंबर २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की केवळ नॉमिनी असल्याने कुणी मालक होत नाही, वारसांचा हक्क तसाच राहतो. माणूस गेल्यावर दहा वर्षांनी हे स्पष्ट झालं. ज्या घराची दिनदर्शिका आमच्या भिंतीवर आहे, जिच्यावर अण्णांनी ५४.०२ लिहिलं, त्याच घराची ही गोष्ट म्हटल्यावर ओसरीवर सगळे कान देऊन ऐकू लागले.

अण्णांनी मृत्युपत्र केलं नाही तर आई, ताई आणि मी, तिघांचा सारखा वाटा. माझं नाव नॉमिनी म्हणून असलं तरी. ते ऐकून ताई पहिल्यांदा पत्रक हातात घेऊन वाचायला बसली. अण्णा म्हणाले, “मग तिथं तुझ्या आईचं नाव लाव. अन् कागद बी करून टाकू.” मृत्युपत्राचा मसुदा झाला आहे, दोन साक्षीदार ठरले आहेत.

एक गोष्ट आणखी. मेसेज अण्णांच्याच मोबाइलवर येतो. फॉर्म भरताना वितरक म्हणाला होता, तुमचा नंबर द्या, त्यांना कशाला त्रास. बरीच मुलं तसंच करतात आणि मग बापाचा पैसा कुठे आहे हे बापालाच दिसत नाही. नंबर त्यांचा आहे म्हणून दहा पैशांचा प्रश्न निघाला आणि त्यातून पुढचं सगळं.

तुमच्याही घरात कुणाची पहिली एसआयपी चालू असेल, तर मेसेज त्यांच्या नंबरवर येतो का ते आज पाहा. वाचून दाखवताना आधी युनिट वाचा, मग त्या दिवसाचा भाव, मग आज विकलं तर किती, आणि तो आकडा कमी असेल तर कमीच वाचा. ठेव, व्याज, हप्ता हे शब्द तोंडात येऊ देऊ नका. आणि नॉमिनीच्या ओळीवर बोट ठेवून सांगा, की हा हवाली घेणारा आहे, वारस नव्हे.